सात फोल्डर, एक रिंगण आणि दोन IMG_0412

चांदोबाच्या लिंबाला माऊलींचे अश्व एकदाच धावले. माझ्या लॅपटॉपवर मात्र ते तीनदा धावत होते. एकदा सकाळी पावणेअकराला, एकदा दुपारी सव्वाचारला आणि एकदा रात्री पावणेदहाला, तेही लख्ख उन्हात.

गोष्ट अशी झाली. आमचं घर साताऱ्यात. दरवर्षी ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली, की आमच्या घरातले सगळे चार दिवस पायी चालतात. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. तिथून पालखी सोलापूर जिल्ह्यात जाते आणि आम्ही घरी येतो. मामंजींचं वय आता ७८. यंदा चालता चालता ते म्हणाले, "पुढल्या वर्षी पाय साथ देत्याल का, सांगता येत न्हाई." तेवढ्यावरून मी ठरवलं, की सगळ्यांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ गोळा करून चार दिवसांची एक फिल्म करायची. मी पतसंस्थेत काम करते. एक्सेल रोजचं, व्हिडिओ एडिटिंग मात्र यूट्यूबवर बघून शिकलेलं. वाटलं, दोन रविवारांचं काम आहे. २४ ऑगस्टला संपलं. या दीड महिन्यातला जेमतेम निम्मा वेळ एडिटिंगला गेला. उरलेला कोणता क्लिप कुणाचा आणि कधीचा, हे शोधण्यात गेला. लग्न, यात्रा, सहल, गॅदरिंग, काहीही पाच-सात मोबाइलवरून गोळा करणार असाल, तर हे वाचून ठेवा.

६ जुलैला आषाढी एकादशी होती आणि रविवारही. सगळे आमच्याकडे जमले होते. साबुदाण्याची खिचडी होईपर्यंत मी एकेकाचा मोबाइल लॅपटॉपला जोडून क्लिप उतरवून घेतले. एक गोष्ट तेव्हा सवयीने केली, ती पुढे कामाला आली. कुणाचे किती क्लिप, ते वहीत लिहून ठेवलं. माझे ९६, ताईंचे म्हणजे माझ्या नणंदेचे ७१, त्यांच्या मुलाचे ६४, पुण्याहून आलेल्या भाऊजींचे ५२, मामंजींचे ४४. भाच्याने मित्राकडून मागून आणलेल्या छोट्या अॅक्शन कॅमेऱ्यातले १८. त्याच्या कार्डासाठी ३५० रुपयांचा कार्ड रीडर घ्यावा लागला. आणि दिंडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेले ४१. एकूण ३८६.

मग घोडचूक केली. प्रत्येकाचा वेगळा फोल्डर होता, तो मोडून "सगळं एका जागी असू दे" म्हणून सातही फोल्डरमधले क्लिप मी कट करून एका फोल्डरमध्ये पेस्ट केले. विंडोजने मध्येच विचारलं, की याच नावाच्या फाइल्स आधीच आहेत, काय करू? मला वाटलं, तोच क्लिप दोनदा आला असेल. मी पहिला पर्याय दाबला, "Replace the files in the destination". पाहुणे फराळाला बसले होते, खिचडी वाढायची होती.

तीन आठवडे मला पत्ता नव्हता. २८ जुलैच्या रात्री पहिली चार मिनिटं कापून झाली, म्हणून सहज फोल्डरमधल्या फाइल्सचा आकडा बघितला. ३६३. वहीत ३८६. पतसंस्थेत दिवसअखेर कॅश २३ रुपयांनी कमी आली तरी आम्ही घरी जात नाही, आणि इथे २३ क्लिप गायब होते.

कारण कळायला अर्धा तास लागला. ताई आणि भाचा, दोघांकडेही आयफोन. आयफोन क्लिपच्या नावात तारीख-वेळ घालत नाही, नुसता चढता क्रमांक देतो: IMG_0001 पासून IMG_9999 पर्यंत. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही त्याच क्रमांकात मोजले जातात. दोघांचेही फोन तेव्हा चारशेच्या घरात होते. त्यामुळे ताईंचा IMG_0412.MOV म्हणजे रिंगण आणि भाच्याचा IMG_0412.MOV म्हणजे फलटणच्या वाटेवर उसाचा रस पिणारे मामंजी. नाव एक, क्लिप दोन. भाच्याचे क्लिप मी नंतर पेस्ट केले, म्हणून ताईंचे २३ क्लिप पुसले गेले. अशा प्रकारे वरून लिहिलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. आणि मी कॉपी नाही, कट केलं होतं, त्यामुळे मूळ फोल्डरही रिकामा.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, मी तर तुला दिल्यावर त्याच रात्री सगळे काढून टाकले. मोबाइल भरला होता."

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, ताई माहेरी यायच्याच होत्या. आल्या आल्या हातातली पिशवीही खाली ठेवू न देता मी त्यांचा फोन घेतला. आयफोनमध्ये काढून टाकलेलं लगेच जात नाही, ‘Recently Deleted’ नावाच्या अल्बममध्ये साधारण ३० दिवस राहतं. आम्ही तेविसाव्या दिवशी उघडत होतो. सगळे ७१ तिथे होते, प्रत्येकावर उरलेल्या दिवसांचा आकडा. परत घेतले, उतरवले, मोजले, ७१. पंचमीची दिंडं त्या दिवशी मला जास्तच गोड लागली.

त्याच संध्याकाळी पोवई नाक्यावरून ४,८०० रुपयांची एक टीबीची हार्ड डिस्क आणली. तिच्यावर सातही जणांचे मूळ क्लिप, प्रत्येकाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, नावाला हात न लावता ठेवले. ती डिस्क त्यानंतर फक्त वाचायची. जे काही करायचं, ते लॅपटॉपवरच्या कॉपीवर. फोल्डरना आधी हौसेने मराठीत नावं दिली होती, ‘ताई’, ‘मामंजी’ वगैरे. पुढे जी आज्ञावली वापरली तिला विंडोजवर देवनागरी नावाचा फोल्डर सापडेना, म्हणून A ते G अशी अक्षरं केली. A मी, B ताई, C भाचा, D भाऊजी, E कॅमेरा, F मामंजी, G व्हॉट्सअॅप.

नावांचा घोळ तसा सरळ होता, कळला की सुटला. वेळांचा घोळ फसवा. तिथे काहीच पुसलं जात नाही, कुठलीही सूचना येत नाही, फक्त क्रम चुकतो.

रिंगणाचंच घ्या. २७ जून, शुक्रवार. उभं रिंगण असल्यामुळे वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभे होते आणि मधून अश्व धावले. आमचे सहा जण त्या रांगेत वेगवेगळ्या ठिकाणी होते आणि सहाही जणांनी ते टिपलं. मला तोच क्षण सहा बाजूंनी दाखवायचा होता. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे क्लिप वेळेनुसार लावले, तर ते एकमेकांजवळ येईनातच.

भाऊजींचा फोन पिक्सेल. त्यांच्या क्लिपचं नाव होतं PXL_20250627_104131508.mp4. बघितल्यावर वाटतं, सकाळी १० वाजून ४१ मिनिटं. तेव्हा तर आम्ही लोणंदलाच होतो. पिक्सेल फोन नावात भारतीय वेळ घालत नाही, जागतिक वेळ म्हणजे यूटीसी घालतो. त्यात साडेपाच तास मिळवले, की १६:११:३१ येतात आणि ते बरोबर आहेत. शेवटचे तीन आकडे सेकंदाचे हजारावे भाग. ही गोष्ट माहीत नसेल, तर भाऊजींचे चारही दिवसांचे क्लिप साडेपाच तास आधी जाऊन बसतात. सकाळचे क्लिप तर आदल्या रात्रीत घुसतात.

कॅमेऱ्याचं नेमकं उलटं. व्हिडिओ फाइलच्या आत एक निर्मितीची वेळ लिहिलेली असते. नियमाप्रमाणे ती यूटीसीत असायला हवी, आणि ती तशीच आहे असं धरून विंडोज तिच्यात साडेपाच तास मिळवून दाखवतं. पण हा कॅमेरा तिथे स्वतःच्या घड्याळातली भारतीय वेळच लिहीत होता. त्यामुळे १६:११ चे झाले २१:४१. रात्रीच्या उन्हाचा उगम हा.

माझ्या स्वतःच्या फोनची गंमत सगळ्यात उशिरा कळली. माझा अँड्रॉइड. क्लिपचं नाव 20250627_161204.mp4, म्हणजे १६:१२:०४. फाइलच्या आतली वेळ मात्र, साडेपाच तास मिळवूनही, १६:१८:५४. जवळजवळ सात मिनिटांचा फरक. दुसऱ्या क्लिपमध्ये फरक वीस सेकंदांचा, तिसऱ्यात सव्वातीन मिनिटांचा. प्रत्येक क्लिपला फरक वेगळा, म्हणजे घड्याळ चुकलेलं नाही, एवढं नक्की. मग क्लिपची लांबी बघितली: ६ मिनिटं ५० सेकंद. फरकही तेवढाच! नावात रेकॉर्डिंग सुरू झाल्याची वेळ आहे आणि आत ते थांबवल्याची. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असं असतं, कारण फाइलचा तो भाग रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिला जातो. सॉफ्टवेअर आतली वेळ धरतं, म्हणून माझे लांब क्लिप नेहमी मागे पडत होते आणि छोटे बरोबर वाटत होते. तुमच्याकडेही "लांब क्लिपच तेवढे चुकतात" असं दिसलं, तर आधी हे तपासा.

राहिले मामंजी. त्यांच्या फोनवर अश्व बाकी सगळ्यांपेक्षा सहा मिनिटांनी उशिरा येत होते. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आगं, घड्याळ म्होरं ठेवलेलं बरं. येष्टी चुकत न्हाई." भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायची सवय त्यांनी मोबाइललाही लावली होती. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वेळ घेणं बंद केलेलं. ते कुणी करून दिलं, हे शेवटपर्यंत बाहेर आलं नाही. भाच्यावर संशय आहे.

हे सगळं मी एकेक क्लिप उघडून, कागदावर वेळा मांडून शोधत बसले होते. दोन शनिवार-रविवार त्यात गेले. ९ ऑगस्टला राखी पौर्णिमा होती, सगळे पुन्हा जमले, आणि तेव्हा मला जे सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. लॅपटॉपवर time.is ही साइट उघडून ठेवली. तिच्यावर सेकंदासकट मोठ्या अक्षरांत घड्याळ दिसतं. प्रत्येकाला सांगितलं, आपापल्या फोनवर याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि मला केबलने द्या. कॅमेराही पुन्हा मागून आणला.

या एका क्लिपमध्ये त्या फोनची पूर्ण कुंडली निघते. पहिल्या चित्रात दिसणारी वेळ खरी. तिच्याशी नावातली आणि फाइलच्या आतली वेळ ताडून बघायची. माझ्या क्लिपच्या पहिल्या चित्रात ११:२०:०३ होते, नावातही 112003. आत 05:50:43, म्हणजे आपले ११:२०:४३. बरोबर चाळीस सेकंद पुढे, म्हणून आतली वेळ शेवटची. भाऊजींच्या नावात 055110, पडद्यावर ११:२१:१०, म्हणून यूटीसी. कॅमेऱ्याच्या आत 11:22:05, पडद्यावरही तेच, म्हणून साडेपाच तास मिळवायचेच नाहीत. मामंजींच्या नावात 112941 आणि पडद्यावर ११:२३:२३, म्हणून घड्याळ ६ मिनिटं १८ सेकंद पुढे. क्लिप चाळीस सेकंदांचा हवा तो याचसाठी. चार सेकंदांचा काढलात, तर सुरुवातीची वेळ की शेवटची, हे लक्षात येणार नाही.

एक शंका उरली होती. ऑगस्टमधला फरक जूनला लावायचा कसा? ज्यांचा फोन नेटवर्कवरून वेळ घेतो, त्यांचा प्रश्न नाही, ते एखाद्या सेकंदाच्या आत असतात. मामंजींचा हाताने लावलेला, तो हळूहळू सरकणार. म्हणून जूनमधले दोन क्लिप घेतले, ज्यांत माझ्या आणि त्यांच्या फोनवर एकाच स्पीकरची एकच घोषणा ऐकू येते. त्यांतून फरक निघाला ६ मिनिटं १५ सेकंद. सहा आठवड्यांत तीन सेकंदांची सरक. मी ६:१५ धरले.

आता सगळं एका तक्त्यात आणायचं होतं. एक्झिफटूल नावाचं एक फुकट साधन आहे. ते फाइलच्या पोटातल्या वेळा वाचून यादी करून देतं. दिसायला काळी खिडकी, पण एकच ओळ लिहायची असते:

```
exiftool -csv -r -ext mp4 -ext mov -d "%Y-%m-%d %H:%M:%S" -CreateDate -CreationDate -Duration# D:\Wari > yadi.csv
```

यात -d चा भाग नाही घातला, तर तारीख 2025:06:27 अशी येते आणि एक्सेल तिला तारीख मानत नाही. Duration पुढचं # हे चिन्हही विसरू नका. ते नसेल, तर छोट्या क्लिपची लांबी "12.53 s" अशी आणि मोठ्यांची "0:06:50" अशी येते, आणि सूत्र गडबडतं. # घातलं, की सगळीकडे नुसते सेकंद येतात. आयफोनच्या क्लिपमध्ये CreationDate हा वेगळा रकाना भरलेला असतो आणि त्यात भारतीय वेळच असते, म्हणून B आणि C साठी मी तोच धरला. A आणि F ला नावातली वेळ, F मधून ६:१५ वजा. D ला नावातली अधिक साडेपाच तास. E ला CreateDate जशीच्या तशी.

माझ्या क्लिपना नावातली वेळ पुरेशी होती, तरी पडताळणी म्हणून आतल्या वेळेवरूनही सुरुवात काढून बघितली. B रकान्यात CreateDate आणि D मध्ये लांबी असेल, तर:

```
=B2+TIME(5,30,0)-D2/86400
```

८६,४०० म्हणजे दिवसाचे सेकंद. ९६ पैकी ९४ क्लिप नावाशी सेकंद-दोन सेकंदांत जुळले. दोन जुळले नाहीत. ते मी गॅलरीत जाऊन पुढचा-मागचा भाग कापलेले निघाले. कापून पुन्हा साठवताना आतली वेळ नवी पडली होती. ते दोन्ही बघून हाताने लावले.

खरी सुरुवात कळल्यावर नवं नाव ठरवलं. आधी खरी वेळ, मग माणसाचं अक्षर, मग जुनं नाव. ताईंचं रिंगण झालं 20250627_161140_B_IMG_0412.MOV. भाच्याचा रस झाला 20250628_102315_C_IMG_0412.MOV. नावाप्रमाणे लावलं, की आपोआप वेळेप्रमाणे लागतं. दोन क्लिप एकाच सेकंदाला सुरू झाले, तरी अक्षरामुळे नाव वेगळं राहतं. शंका आली, तर जुन्या नावावरून मूळ फाइल हार्ड डिस्कवर शोधता येते. जुनं नाव टाकून द्यायचा मोह झाला होता, नावं फार लांब होतात म्हणून. टाकलं नाही ते बरं झालं.

एक्सेलमध्ये NewName नावाचा रकाना केला, तक्ता CSV म्हणूनच साठवला आणि विंडोजमधल्याच पॉवरशेलमध्ये हे चालवलं:

```
Import-Csv yadi2.csv | ForEach-Object {
  Rename-Item -LiteralPath $_.SourceFile -NewName $_.NewName -WhatIf
}
```

शेवटचं -WhatIf असेपर्यंत ते फक्त काय करणार ते सांगतं, करत काही नाही. मी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि मगच -WhatIf काढलं. या आज्ञेचा एक गुण म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल, तर ती पुसत नाही, तांबड्या अक्षरांत तक्रार करते. ६ जुलैनंतर मला अशा तक्रारीचं प्रेमच बसलंय.

व्हॉट्सअॅपचे ४१ या यादीत बसतच नव्हते. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं, की क्लिप दाबून लहान होतो, आतली मूळ वेळ जाते आणि नाव VID-20250628-WA0003.mp4 असं पडतं. त्यातली तारीख शूटिंगची नाही, आपल्याकडे आल्याची. WA पुढचा आकडा त्या दिवशी त्या फोनवर आलेल्या फाइलचा क्रम. म्हणजे माझ्याकडचा WA0003 आणि मामंजींकडचा WA0003 यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. २७ चं रिंगण कुणी २८ ला टाकलं, तर नाव २८ चंच. यावर तंत्राचा उपाय नाही, फोन करायचा उपाय आहे. ग्रुपवर एकेकाला विनवलं, की तोच क्लिप गॅलरीतून नाही, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसा पाठवला, की मूळ फाइल मूळ नावासकट येते. ४१ पैकी २९ आले. बारा जणांनी एव्हाना मूळ काढून टाकले होते. ते बारा क्लिप कपाळावरचा बुक्का, सावलीची लांबी, मागे दिसणारा टँकर अशा खुणांवरून बसवले. दहा बसले.

आता मूळ मुद्दा, ते सहा बाजूंचं रिंगण. सगळ्यांच्या वेळा दुरुस्त करून क्लिप एकाखाली एक लावले आणि ते सेकंदाच्या अंतरात आले. मग मी बारकाईने जुळवायला गेले आणि पुन्हा अडकले. अश्व समोरून जातो तो क्षण सगळ्यांत एकत्र आणायला बघत होते. दोन तास घातल्यावर ट्यूब पेटली, की तो क्षण सगळ्यांसाठी एक नाहीच. उभ्या रिंगणात माणसं रस्त्याच्या कडेने लांबवर उभी असतात, अश्व माझ्यासमोरून आधी जाणार, भाच्यासमोरून नंतर. तो फरक पुसला, तर रिंगणच खोटं होईल.

म्हणून आवाजावर आले. स्पीकरवरची घोषणा सगळ्यांच्या क्लिपमध्ये होती. सॉफ्टवेअरला आवाजाच्या लाटा जुळवायला सांगितल्या, तर त्याने पाच क्लिप जुळवले. सहावा, भाच्याचा, गजरात त्याला काही ओळखू येईना. तो कानाने जुळवला. तरी भाच्याच्या क्लिपमध्ये टाळ वाजताना हात आधी आणि शेजारच्या क्लिपमधला तोच ठेका नंतर, असं काहीतरी खटकत होतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकरपासून १७० मीटर लांब उभ्या माणसाला घोषणा अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचते. तीस चित्रांच्या व्हिडिओत ती पंधरा चित्रं झाली. आवाज तंतोतंत जुळवला, तर चित्र तेवढंच चुकतं. ताई आणि मी दोघींच्या क्लिपमध्ये एकच पताका खाली येताना दिसत होती, ती दोघींच्यात जुळवली. बाकीच्यांना अर्ध्या सेकंदाची सूट दिली. बघणाऱ्याला ते कळत नाही. मला कळतं.

एक शेवटचा फटका राहिला होता. २८ जुलैपर्यंत कापलेली ती पहिली चार मिनिटं जुन्या नावांवर बांधलेली होती. नावं बदलल्यावर तिथले सगळे क्लिप तांबडे झाले, फाइल सापडत नाही म्हणून. सॉफ्टवेअरने शोधून देतो म्हटलं, मी हार्ड डिस्क दाखवली. त्याने नावावरून शोधलं आणि नीरा स्नानाच्या मध्ये भाच्याचा कुठलासा ढाब्यावरचा क्लिप जोडून दिला. लांबी कमी-जास्त असली, तरी त्याला फक्त नावाशी मतलब. ती चार मिनिटं मी पुसली आणि नव्याने कापली. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजणी, मग मूळ प्रत बाजूला, मग नावं, आणि सगळ्यात शेवटी एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडायचं. उलटं केलंत, तर दोनदा कराल.

खर्च सगळा मिळून ५,१५० रुपये. फिल्म बावीस मिनिटांची झाली आणि गणपतीत घरच्या टीव्हीवर लावली. दोन क्लिप अजून फोल्डरमध्ये तसेच पडून आहेत. एकात फक्त पाऊस आणि प्लॅस्टिकचे इरले घेतलेल्या पाठी आहेत. दुसऱ्यात कुणाच्या तरी खिशातला अंधार आहे आणि मागे सव्वा मिनिट हरिपाठ चाललाय. कुणाचा, कुठल्या मुक्कामाचा, कुणालाच सांगता येत नाही.

मामंजींना म्हटलं, आता तरी फोनची वेळ आपोआप लावू या. ते नाही म्हणाले. मग हार्ड डिस्कच्या डबीत एक चिठ्ठी टाकून ठेवली आहे: "F, वजा ६:१५, निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा मोजणे."